‘आज बंद’ची पाटी

मंजुषाताई चौतीस वर्षं नागपूरच्या एका पोस्टात खिडकीवर बसायच्या. ऑफिस पाचपर्यंत उघडं असलं तरी रजिस्ट्रीची खिडकी त्या चारला म्हणजे चारलाच बंद करायच्या. चार वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाला त्या नुसतं पाटीकडे बोट दाखवायच्या. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जराही पश्चात्ताप नव्हता.

आता त्या अमेरिकेत सनीव्हेलला मुलाकडे, ऋषीकडे, राहतात. आमच्याच अपार्टमेंटमध्ये, दोन जिने सोडून. इथे आल्यावर त्यांना कोरियन मालिकांचा नाद लागला. मालिका सगळेच बघतात, पण मंजुषाताईंनी लिपीच शिकून घेतली. एल कमिनो रस्त्यावरच्या कोरियन दुकानात त्या नूडल्सची पाकिटं हातात धरून वाचत उभ्या राहत आणि काहीही न घेता बाहेर येत. दुकानदारीणबाईंनी शेवटी त्यांना एक स्टूल दिलं.

ऑक्टोबरात आम्ही चौघं भारतात जाणार होतो. त्या, शेजारचे राजीवराव, त्यांची बायको नंदाताई आणि मी. विमान कोरियातल्या सोलमार्गे होतं. रविवारी संध्याकाळी पोचायचं, सोमवारी रात्री पुढे निघायचं. सबंध सोमवार मोकळा. मंजुषाताईंच्या मनात एकच होतं. सोलमध्ये बौद्ध मठातल्या पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं, ते एकदा ताटासमोर बसून जेवायचं. ऋषीचं म्हणणं, चार म्हातारी माणसं अनोळखी शहरात उपाशी हिंडणार, त्यापेक्षा एअरपोर्टच्या हॉटेलात झोपा. बरीच घासाघीस होऊन ठरलं, की ताईंनी सोमवारचा प्लॅन कागदावर लिहायचा, पुढच्या रविवारी ऋषी तो तपासणार.

“आई, एक जरी चूक सापडली तर एअरपोर्ट हॉटेल. मग आर्ग्युमेंट नाही करायचं,” तो म्हणाला.

चूक शोधायला राजीवराव टपलेलेच होते. ते चिप कंपनीतून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डिझाइनमधल्या चुका काढण्याचा पगार घेतलेला, आता ते काम फुकट करतात.

हे ठरलं त्याच रविवारी दुपारी साडेतीनला आम्ही पार्कमधल्या बाकावर बसलो. ताईंनी फोनवर कोरियन नकाशाचं ॲप उघडलं. त्यात इंग्रजीची सोय आहे, पण ताईंना ती अपमानास्पद वाटायची. त्यांनी मठाच्या जेवणाचं हॉटेल शोधून ठेवलेलं होतं. नावाखाली घड्याळाचं लहानसं चित्र, आणि त्यापुढे लाल अक्षरांत काहीतरी.

“आज बंद,” त्यांनी वाचलं. “म्हणजे रविवारी सुट्टी. आपण सोमवारी जाणार. झालं.” आणि कागदावर लिहिलं.

मग त्यांनी आम्हाला शिकवलं. उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ दिली असली तरी दुपारी दोनेक तास मधली सुट्टी असू शकते. शिवाय ‘लास्ट ऑर्डर’ म्हणून वेगळी वेळ असते. त्यानंतर दार उघडं असलं, आतली माणसं जेवत असली, तरी नवी ऑर्डर घेत नाहीत.

“तुमची रजिस्ट्रीची खिडकी,” राजीवराव म्हणाले.

“तीच. शहाणी माणसं आहेत,” ताई म्हणाल्या.

वारांची अक्षरंही त्यांनी माझ्याकडून गिरवून घेतली. आपल्यासारखेच त्यांचे वार, सूर्याचा रविवार आणि चंद्राचा सोमवार. चंद्राच्या अक्षराला ‘वोल’ म्हणतात. मला ते खिडकीत बसलेल्या माणसासारखं दिसलं, म्हणून लक्षात राहिलं.

मंगळवारी संध्याकाळी घरी एकटाच होतो, म्हणून मीही ते पान उघडून बघितलं. आज वेळ दिसत होती. वेळेशेजारी खाली वळलेला छोटा बाण होता, तो दाबला. आठवड्याचे सातही वार उलगडले. सहा ओळींत वेळा होत्या. सातवीत वेळ नव्हती, नुसते शब्द. त्या ओळीच्या सुरुवातीला माझा खिडकीतला माणूस बसला होता.

मी फोन बंद केला. मला दोन दिवसांपूर्वीपर्यंत एक अक्षर येत नव्हतं, मी काय त्यांची चूक काढणार? बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी मात्र त्यांच्याकडे गेलो आणि फोन पुढे करून विचारलं, की हे अक्षर कुठलं, मी विसरलो.

“वोल,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी ओळ पुढे वाचली. दर सोमवारी सुट्टी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोटांवर सोळा तास मोजले. आम्ही रविवारी साडेतीनला बाकावर बसलो होतो तेव्हा सोलमध्ये सोमवारची सकाळ झालेली होती. ‘आज’ होता तो त्यांचा.

“राजीवरावांना बोलले का, भाऊ?”

मी नाही म्हणालो.

“ऋषीला?”

“नाही.”

“मग चहा घ्या,” त्या म्हणाल्या.

चहा होईपर्यंत त्यांनी दुसरं हॉटेल शोधलं. तेही मठाच्या पद्धतीचं, पण सुट्टी मंगळवारी. तीन ते पाच मधली सुट्टी, त्याआधीची शेवटची ऑर्डर अडीचला. या वेळी बाण दाबून सातही ओळी वाचल्या, मला वाचायला लावल्या, आणि नवा कागद घेतला. जुन्याची चौकोनी घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवली.

रविवारी चारला ऋषीच्या टेबलावर तपासणी झाली. राजीवराव चष्मा पुसून बसले होते. हॉटेल बदललेलं बघताच त्यांचे डोळे चमकले. पहिलं का काढलं, त्यांनी विचारलं.

“मनाला नाही पटलं,” ताई म्हणाल्या, आणि वाटीतले शेंगदाणे सोलू लागल्या.

राजीवरावांनी आपल्या फोनवर, इंग्रजीत, पहिल्या हॉटेलचं पान उघडून ऋषीसमोर धरलं. स्वच्छ लिहिलंय, आज बंद. आज रविवार. म्हणजे सोमवारी चालू. स्टेशनपासून जवळचं हॉटेल टाकून ताई आपल्याला लांब चालवणार. ही चूक नाही तर काय?

ताईंनी एक दाणा सोलून संपवला.

“राजीवराव, तिथे आज कोणता वार आहे?”

ऋषीने फोन हातात घेऊन बाण दाबला आणि हसायला लागला. “काका, तिथे मंडे मॉर्निंग आहे. हे मंडेलाच बंद असतं.”

नंदाताई म्हणाल्या, की चाळीस वर्षं आमच्या घरी यांनी सांगितलेलाच वार चालतो, आज पहिल्यांदा बदलला. मी चहाच्या कपात बघत राहिलो. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त शेंगदाण्यांची वाटी माझ्या बाजूला सरकवली.

ऋषीने कागदावर खाली सही केली.

सोलमध्ये त्या सोमवारी दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही त्या हॉटेलच्या दारात होतो. राजीवराव बाहेर पाटीचे फोटो काढत रेंगाळले. मंजुषाताई आत जाऊन मांडी घालून बसल्या, घड्याळ काढून समोर ठेवलं आणि दाराकडे बघून सावकाश म्हणाल्या,

“खिडकी वीस मिनिटांत बंद होऊन राहिली. ज्यांना जेवायचं त्यांनी या.”