सतराचा आकडा

अनसिंगजवळच्या तांड्यावर भुरीबाईला आडवं जायची कोणाची छाती होत नसे. ती भांडखोर होती असं नाही, पण एकदा 'नाई' म्हणाली की ते नाईच. पोरगा किशन आणि सून योगिनी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची, आणि पाच वर्षांची नात झमकू भुरीबाईपाशी राहायची. झमकूच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. बसवली तर बसायची, गाणं ऐकलं की टाळ्या पिटायची, पण लघवीचं तिला कळायचं नाही. म्हणून डायपर.

"अशा लेकराले घरीच ठेवावं, भुरे," शेजारची एक म्हातारी म्हणाली होती.

"घरी कायले? तिले कान हायेत, डोळे हायेत. अंगणवाडीत गाणी होतात," भुरीबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून झमकूला कडेवर घेऊन निघाली.

किशन कामावर जाताना भरपूर डायपर ठेवून गेला होता. ते चांगले होते. सकाळी घातला की जेवणापर्यंत काळजी नसे. पौषात ते संपले. भुरीबाईने वेष्टन चुलीत घातलं होतं, आणि तिला वाचताही येत नव्हतं. तिने किशनला फोन करवला. त्याच्या कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, सामान भरून नेलेलं त्याच कंपनीचं एक रिकामं पाकीट पडलेलं होतं, त्याचा फोटो त्याने पाठवला. पाकीट चुरगळलेलं, वरचा कोपरा फाटलेला. जांभळा रंग, हसरं बाळ आणि एक मोठं इंग्रजी अक्षर.

गावातल्या दुकानदाराने, रामधनने, फोटो डोळ्यांसमोर धरला. "एल हाय हा. एल म्हंजे एल. आन आपल्याकडे बी एलच हाय. घेऊन जा."

"पण कंपनी?"

"कंपनी कोनतीबी असो. सब एकच."

भुरीबाईने ते नेले. दुसऱ्याच दिवशी अंगणवाडीत, गाणं चालू असतानाच, झमकूच्या खालची सतरंजी भिजली. मांडीला रबराचा लाल वळ उठला होता. बाकीच्या पोरांच्या आया नाक मुरडू लागल्या. अंगणवाडी सेविका सुकेशनीने भुरीबाईला बाजूला घेतलं.

"आजी, राग मानू नका. पर आया तक्रार करून राह्यल्या. काही दिवस तिले घरीच ठेवा."

भुरीबाईने झमकूला मांडीवर ओढून घेतलं. "काही दिवस म्हंजे किती? सतरंजी मी धुतो. पन लेकरू घरी नाई ठेवत. बाई, तुमचा काटा हाय ना? तिचं वजन करा."

"महिन्याचं वजन झालं तिचं."

"आज करा."

सुकेशनीने उसासा टाकला, पण काटा काढला. झमकू उभी राहू शकत नव्हती. आधी भुरीबाई एकटी चढली, मग झमकूला घेऊन. सुकेशनीने वजा करून सांगितलं, "तेरा किलो चारशे ग्राम." भुरीबाईने हातावर तो आकडा लिहवून घेतला आणि त्याच दुपारी मेडिकल गाठलं.

मेडिकलच्या काउंटरवर निता होती. तिने भुरीबाईचं सगळं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग फोटो मोठा केला. फाटलेल्या कोपऱ्याखाली एक ओळ अर्धीच उरली होती.

"मावशी, इथं पाहा. एलच्या आधीचं अक्षर फाटून गेलंय. खाली वजनाची ओळ आहे, पुढचा आकडा नाही, पण मागचा सतरा आहे. सतरा किलो."

"मंग?"

निताने शेल्फवरून दुसऱ्या एका कंपनीचं पाकीट काढलं आणि त्याची मागची बाजू वळवली. "एल नऊ ते चौदा किलोपर्यंत असतो. सतरापर्यंत जाणारा एक्सएल, बारा ते सतरा. तुमचा जुना एक्सएल होता. आणि फोटोत बाजूला कोपऱ्यात बाळ उभं राहून चड्डीसारखा घालतंय, म्हणजे पँटचा प्रकार, चिकटपट्टीचा नाही."

"रामधननं एल देल्ला."

"तेरा चारशे एलमध्ये बसतं खरं. पण ते एलच्या पार टोकाला. घट्ट होतो, वळ उठतो, आणि लघवी जास्त असली की बाजूनं निघते. एक्सएलमध्ये ती मोकळी बसते." तिने भुरीबाईच्या डोळ्यांत पाहिलं. "मात्र मांड्या बारीक असतील तर पायापाशी फट राहते. घालून पाहावं लागेल."

"जुन्यात फट नव्हती. दोन बोटं आत जायची, बस."

"मग एक्सएलच."

जांभळ्या पाकिटाची कंपनी तिच्याकडे नव्हती. दुसऱ्या दोन कंपन्यांचे एक्सएल पँट होते: एकाच्या पाकिटावर बारा ते सतरा आणि मोठ्या अक्षरांत 'बारा तास', दुसऱ्यावर बारा ते अठरा आणि 'दहा तास'.

"बारा तासवाला द्या मंग," भुरीबाई म्हणाली. पण हात पुढे केला नाही. "थांब. हे तास कोन मोजतं?"

"कंपनीच सांगते, मावशी. एकाचे तास दुसऱ्याशी जुळतीलच असं नाही."

"मंग मले पाहाचं हाय."

निताने दाराकडे पाहिलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दोन्हींचे सुटे पीस होते. तिने आतून मापाचा प्याला आणला, पाण्यात मीठ घातलं. "साधं पाणी घातलं तर फसगत होते. आतला ओल शोषणारा दाणा साधं पाणी जास्त पितो. लघवी खारट असते, म्हणून मीठ."

दोन्ही पीस काउंटरवर उघडून ठेवले. शंभर-शंभर मिली मधोमध ओतलं, दहा मिनिटं थांबून परत तितकंच, मग पुन्हा एकदा. भुरीबाई घड्याळाकडे नाही, कापडाकडे पाहत होती. तिसऱ्यांदा ओतल्यावर 'बारा तास'च्या कडेवर थेंब जमला. निताने कोरड्या कागदाच्या घड्या दोन्हींवर ठेवून तळहाताने दाबल्या. पहिल्याची घडी चिंब निघाली. दुसऱ्याची जेमतेम ओलसर.

"बारावाला खोटा," भुरीबाई म्हणाली.

"खोटा म्हणू नका. दुसऱ्या बाळाला पुरेल. तुमच्या नातीला हा दुसरा बरा."

"लिहून दे, पोरी. मोठ्या अक्षरात. उद्या मी नसली त कोनाले तरी कळलं पायजे."

निताने लिहिलं: एक्सएल पँट, बारा ते अठरा किलो, कंपनीचं नाव, वजन तेरा चारशे. खाली आणखी एक ओळ: वजन वाढलं तर परत पाहा.

परतताना भुरीबाई रामधनच्या दुकानापाशी थांबली. उरलेलं एलचं पाकीट तिने गल्ल्यासमोर ठेवलं. "हे ज्याचं लेकरू दहा किलोचं हाय त्याले दे. आन पुढं फोटो आला त फाटलेल्या जागेवर अंदाज नको करू."

"भुरीबाई, मी काय जानूनबुजून..."

"मी तसं म्हनलं नाई. इच्चारत जा, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीत झमकूसोबत बसली, भिंतीला पाठ लावून. सुकेशनीने एकदा तिच्याकडे पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, मग पोरांना गोलात बसवलं. जेवणाची वेळ झाली. भुरीबाईने झमकूला उचललं, सतरंजीवर हात फिरवला आणि सुकेशनीलाही तिथं हात लावायला सांगितलं. सुकेशनीने लावला. सतरंजी कोरडी होती.

"उद्या पन आनतो," भुरीबाई म्हणाली. ती विचारत नव्हती.

सुकेशनीने हजेरीवहीत झमकूच्या नावापुढे खूण केली. तक्रार करणाऱ्या आयांपैकी एक दाराशी उभी होती. ती काही बोलायच्या आत भुरीबाईनेच तिला सरकून जागा करून दिली, "बस ना. गानं सुरू होऊन राह्यलं." बाई जरा घुटमळली आणि बसली.

झमकू टाळ्या पिटत होती, तालाच्या थोडी मागे.