सतरा हजार कमी

आमच्या जर्सी सिटीच्या फ्लॅटमध्ये पॉइंट्सची भिशी चालते. चौघांचं भाडं, किराणा, लाईटबिल, सगळं महिनाभर एकाच्याच क्रेडिट कार्डावर. बाकीचे आपला वाटा त्याला देऊन टाकतात, पॉइंट्स मात्र त्याचे. पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा नंबर. ही अक्कल भाऊची. भाऊ म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना, नागपूरचा. पॉइंट्सवर बोलायला लागला की कीर्तनकार होतो. त्याची नक्कल मी छान करतो. तशी मी सगळ्यांचीच करतो. उदगीरच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा सुट्टी जाहीर केली होती, अर्धी शाळा घरी गेली. मार खाऊन आलो तेव्हा आत्या माझ्या पाठीला तेल लावत म्हणाली, "पुन्हा करून दाखव की रे, मला ऐकायचंय."

आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं.

गुरुवारी सकाळी बाबांचा फोन आला. आत्याला लातूरला ॲडमिट केलंय. "डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस. तुझं नाव घेती सारखं. जमतंय का बघ."

मी लॅपटॉप उघडला. शुक्रवारी संध्याकाळची नेवार्कहून थेट मुंबई, एअरलाइनच्या माइल्सवर, म्हणजे तिच्या खात्यात साठलेल्या पॉइंट्सवर, एक सीट. साठ हजार माइल्स. माझ्याकडे त्रेचाळीस. खाली पर्याय होता: त्रेचाळीस हजार माइल्स आणि उरलेल्यासाठी तीनशे नव्वद डॉलर रोख, टॅक्स वेगळा. मी कार्ड काढलं, नंबर टाकायला लागलो.

भाऊ चहा घेऊन मागं उभा.

"कायले पैसे भरतं बे? भिशीचे बावीस हजार पडले आहेत ना तुझ्या कार्डावर? एअरलाइनच्या खात्यात पाठव, माइल्स होतात त्याचे. पाच मिनिटात येतात. फुकट!"

"खरंच पाच मिनिटात?"

"माझे तर दोन मिनिटात आले होते."

तीनशे नव्वद वाचतात म्हटल्यावर माझंही डोकं फिरलं. बावीस हजार पाठवले. पाठवताना वाचलं होतं, एकदा गेले की परत येत नाहीत. परत कशाला हवेत, म्हटलं.

पाच मिनिटं झाली, काही आलं नाही. तासाभरानं मी हेल्पलाइनला फोन लावला. बाई फार गोड. "सर, तुमच्या कार्डावरचं नाव आणि आमच्या खात्यावरचं नाव जुळत नाहीये."

कार्डावर पासपोर्टसारखं पूर्ण नाव: माझं, बाबांचं, आडनाव. माइल्सचं खातं मी कॉलेजात असताना उघडलेलं, त्यात बाबांचं नाव घालायचा कंटाळा केला होता. आता माणसानं तपासायचं, म्हणजे दोन-तीन दिवस. तोपर्यंत सीट धरून ठेवता का म्हणून विचारलं. नाही. पैसे भरल्याशिवाय कुणाचीच धरत नाहीत.

मी धावत त्रेचाळीस आणि तीनशे नव्वदकडे परत गेलो. सीट गेली होती.

भाऊ हळूच म्हणाला, "यार, मी आपलं सांगितलं..."

"तुम्ही सांगितलं, बटण दाबलं मीच, भाऊ."

शुक्रवारभर मी स्क्रीन उघडून बसलो. शनिवारी सकाळी एक सीट आली, रविवारी संध्याकाळची. अठ्ठ्याण्णव हजार माइल्स. माझे सगळे त्रेचाळीस आणि वर साडेबाराशे डॉलर. भाऊनं त्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. मी त्यावरूनच पैसे भरून टाकले, न वाचता.

लातूरला आत्यापाशी बसलेल्या चुलत बहिणीनं फोन तिच्या कानाला लावला. "आत्या, निघतोय उद्या." पलीकडं नुसता श्वास. बहीण म्हणाली, "हेडमास्तर कर ना दादा." मी केला. "शांतता! आज शाळेला सुट्टी आहे!" फ्लॅटमधले सगळे स्वयंपाकघरात उभे राहून ऐकत होते. कुणी हसलं नाही. तिला ऐकू गेलं का, बहिणीला सांगता आलं नाही.

रविवारी दुपारी तिकडं आत्या गेली. आमच्याकडं पहाट होती. शुक्रवारचं विमान मिळालं असतं तर रविवारी सकाळीच मी लातुरात असतो. बाबा म्हणाले, "आता येऊन काय करतोस? आज संध्याकाळीच उरकतोय."

मी तिकीट कॅन्सल केलं. तीच गोड बाई, किंवा तशीच दुसरी. माइल्स खात्यात परत, पैसे कार्डावर सात दिवसांत.

सोमवारी ऑफिसात मेल आला, नाव तपासून झालं. खात्यात पासष्ट हजार. त्या आठवड्यातली सीट बघितली, साठ हजारांत होती. रोख काही लागत नव्हतं.

संध्याकाळी भाऊनं विचारलं, "तुझी आत्या बोलायची कशी रे?"

तिची नक्कल मी कधीच केली नव्हती. घसा साफ केला, डोळे मिटले. तोंडातून आली ती हेल्पलाइनची बाई: "आणखी काही मदत करू शकते का, सर?"