गयासुद्दीनभाईंचा मजकूर

अकोल्यात लोक गयासुद्दीनभाईंना झुरळं मारायला घरी बोलावतात, पण शेजाऱ्यांना कळू देत नाहीत. घरात झुरळं झाली हे कुणाला सांगायचं नसतं. भाई मात्र ओट्याखाली आडवे होतात, टॉर्च लावून कपाटाच्या बिजागरीत बघतात. त्यांच्या चेहऱ्यावर किळस नसते. घराला जो अंधार लपवावासा वाटतो, त्याच्याकडे ते शांतपणे पाहत राहतात.

प्राजक्ताच्या पाळणाघरात झुरळं निघाली तेव्हा दोन मुलांच्या आयांनी त्यांना काढून घेतलं. औषध मारणार म्हटल्यावर उरलेल्याही बिथरल्या. त्यांना थांबवायचं तर पालकांच्या ग्रुपवर भाईंच्या कामाचा फोटो आणि त्याखाली पटेल असा मजकूर हवा होता. भाईंची मुलगी अरीबा हिने लिहिलं : ‘मुलांसाठी, प्राण्यांसाठी शंभर टक्के सुरक्षित!’

“हे काट,” भाई म्हणाले.

“अब्बा, सगळेच असं लिहितात.”

“लिहू दे त्याइले. औषध हाय ते, सरबत नाई.”

मग ते सांगत गेले, ती टाइप करत गेली :

‘शनिवारी मुलं घरी गेल्यावर काम. खेळणी, भांडी, अन्न आधी हलवू. आत फवारा नाही; मुलांचा हात पोचणार नाही अशा फटींत औषधी जेलचे ठिपके. फवारा फक्त अंगणातल्या नालीच्या कडेला. तो वाळेपर्यंत तिथे मूल नको, मांजरही नको. मुलांनी सोमवारी यायचं. औषध खाल्लेली झुरळं पहिले काही दिवस जास्त दिसतील, उजेडातही. ठिपके पुसू नका, वरून दुसरा स्प्रे मारू नका. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा येऊन तपासू.’

लगेच प्राजक्ताचा फोन आला. “भाई, जास्त दिसतील हे काहून लिहिलं? लोकं पयतील ना!”

“ताई, आता सांगतलं तं माहिती हाय. मंग सांगतलं तं बहाना हाय.”

“आन् पोरं गेले तं? माह्यं पाळणाघर तुमी चालवता काय?”

“चालवतो ना. वरणभात भरवाले येते मले.”

ती चिडूनच हसली. मजकूर तिने तसाच टाकला.

शनिवारी काम झालं. बुधवारी भर दुपारी एक झुरळ गुंगीत भिंत चढत होतं, नेमकं मुलाला न्यायला आलेल्या आईसमोर. प्राजक्ता झाडू घेऊन धावली.

“लिहिलंच होतं त्यांनी,” ती बाई म्हणाली आणि मुलाची चप्पल शोधू लागली.

दोन आठवड्यांनी भाई आले, पुन्हा आडवे झाले. मूल काढून घेतलेली एक आई त्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, “झालं काय साफ?”

“नाई अजून. फ्रिजमागं दोन जिती हायेत,” भाई आतून म्हणाले.

प्राजक्ताने कपाळाला हात लावला.

भाईंनी फ्रिजमागच्या फटीत नवे ठिपके लावले. ती आई ते बघत राहिली. मग तिने मुलाला खाली उतरवलं आणि प्राजक्ताला म्हणाली, “उद्यापासून पाठवू काय याले?”