मधला काळा ठिपका

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत होते. साताऱ्याच्या एका कारखान्यात चारही बाजूंनी सारखी ओढली जाणारी पोलादी प्लेट बनवायची होती. तिला भोक कुठे पाडावं, हे विचारायला त्यांचा इंजिनियर आला होता. मी प्लेटचं पारदर्शक मॉडेल चारही बाजूंना सारखी वजनं लावून ताणलं आणि ध्रुवित प्रकाशात धरलं, म्हणजे ताणाचे पट्टे डोळ्यांना दिसतात. कडेला रंगीत पट्टे उमटले आणि मधोमध काळाकुट्ट ठिपका.

"काळं म्हणजे ताण नाही. भोक इथंच पाडा," आमचे विभागप्रमुख म्हणाले.

"सर, हे पट्टे फक्त दोन दिशांच्या ताणातला फरक सांगतात. इथे दोन्हीकडची ओढ सारखी, म्हणून फरक शून्य. ताण भरपूर आहे."

"मॅडम, पाहुण्यांसमोर अक्कल पाजळू नका."

माझं डोकं सणकलं. मी त्याच ठिपक्यात छोटं भोक पाडलं आणि तेवढंच वजन पुन्हा लावलं. भोकाच्या कडेला पट्ट्यांची दाटी झाली. मोकळ्या कडेवर एका दिशेची ओढ उरतच नाही, त्यामुळे तिथला फरक म्हणजेच सगळा ताण, आणि तो आधीच्या दुप्पट. इंजिनियरने मॉडेलकडे पाहिलं, मग सरांकडे. सर तडक निघून गेले.

त्यानंतर आमच्यात कधी खटका उडाला नाही. समोरासमोर आलो की दोघंही दात आवळून नमस्कार करायचो. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, चला, मिटलं एकदाचं. त्यांनाही फक्त काळा ठिपका दिसत होता.