दीड फुटाचा छज्जा

धुळ्यात माझं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस आहे. आमच्या धंद्यात छज्जा कुणी मोजत बसत नाही. जुन्या नकाशावर 'सर्व छज्जे दीड फूट' अशी ओळ असते, ती नव्या नकाशावर उतरते, आणि गवंडी डोळे मिटून दीड फूट काढतो. मला या मेंढरांच्या कळपाचा फार राग. मी हिशोब करणारा माणूस, असं मी स्वतःच चारचौघांत सांगत असे.

शिंदखेड्याच्या एका डॉक्टरबाईंनी बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल बांधायला काढलं, तेव्हा त्यांच्यासमोर बसून मी त्यांच्याच औषधं लिहायच्या कागदावर त्रिकोण काढला. उभी बाजू खिडकीची उंची, आडवी बाजू छज्जा, तिरपी रेघ म्हणजे ऊन. "खिडकी चार फूट. आपल्याकडे एकवीस मार्चला भर दुपारी सूर्य साधारण एकोणसत्तर अंशांवर असतो. त्याचा टॅन दोन पूर्णांक सहा. उंचीला त्याने भागा. दीड फूट." बाई विज्ञान शिकलेल्या, त्यांना ते फार आवडलं. "असं कुणी समजावून सांगत नाही हो," म्हणाल्या आणि तो कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला. मी त्या दिवशी धुळ्याला परतताना बसमध्ये उगाच ताठ बसलो होतो.

हिशोब खोटा नव्हता. दक्षिणेच्या भिंतीला तो चोख बसतो. पुढे उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच येतो, तेव्हा दीड फूट उरतो सुद्धा. पण बाळंतिणींची खोली पश्चिमेला होती, रस्त्याकडे. तिथल्या चार खिडक्यांना मी तोच छज्जा कॉम्प्युटरवर उचलून चिकटवला. पश्चिमेच्या भिंतीवर बाराला ऊन येतच नाही. येतं ते उतरत्या सूर्याचं. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही, कारण माझं लक्ष सूर्याकडे नव्हतं, मी किती हुशार दिसतोय याकडे होतं.

पहिल्याच मे महिन्यात बाईंचा फोन आला. "एकदा दुपारी चारच्या पुढे या." मी गेलो. खोलीतल्या सगळ्या खाटा आतल्या भिंतीला लोटलेल्या, तरी दोन खाटा खिडकीशी उरल्याच होत्या. एका खाटेवर एक पोरसवदा बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची आजेसासू शेजारी उभी राहून बाळाच्या तोंडावर सूप धरून होती. चांगलं धान्य पाखडायचं सूप, घरून आणलेलं. हात दुखला की ती सूप दुसऱ्या हातात घेई आणि तेवढ्या वेळात ऊन बाळाच्या कपाळावर येई.

मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. मला म्हणाली, "चार वाजनात की ऊन थेट पोऱ्याना डोयामा येस. ज्यानी ही खिडकी करी, त्याना घरमा लहान पोरं नही का?"

मी खिशातून टेप काढली आणि खिडकी मोजायला लागलो. खिडकी मोजायची काही गरज नव्हती. मला फक्त तिच्याकडे पाठ करायची होती. टेप धरल्या धरल्या मनात आकडे झाले: मे महिन्यात चार वाजता सूर्य चाळीस अंशांवर, चार फुटांच्या खिडकीला पावणेपाच फूट छज्जा लागेल. पाच वाजता सव्वीस अंश, म्हणजे आठ फूट. आठ फुटांचा छज्जा कुणी काढत नाही. पश्चिमेला नुसता छज्जा हे उत्तरच नव्हतं.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. "तुम्ही तर हिशोब करून काढला होता ना?"

"हिशोब बरोबर आहे," मी म्हणालो. "गवंड्याने कमी काढला असेल."

'असेल' म्हणालो. सरळ खोटं बोलायचीही हिंमत नव्हती, म्हणून तो शब्द पुढे केला. आजही तो आठवला की कानशिलं गरम होतात.

बाईंनी गवंड्याला तिथल्या तिथे बोलावून घेतलं. साठीचा माणूस, मी त्याला आबा म्हणत असे. तो सायकल लावून आला, कापडी पिशवीतून माझाच नकाशा काढला, खिडकीबाहेर शिडी लावून चढला आणि छज्ज्याला टेप लावली. खालून मला आकडा दिसत होता. अठरा इंच, रेघेवर रेघ. आबाने नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्या वर्षी त्याच्या हातातली दोन्ही घरं माझ्या नकाशांवरची होती. एवढा हिशोब त्यालाही येत होता.

तो शिडी उतरला, टेप गुंडाळली आणि बाईंना म्हणाला, "व्हई बाई, कमी भरस. मन्ही चूक शे. मी करी देस नीट."

तेवढ्यात बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी नकाशाची घडी घालत राहिलो.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता हा चार शब्द ऐकवेल. ऐकवले असते तर बरं झालं असतं. त्याने पिशवी सायकलला अडकवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, आते कितला वाजानं ऊन धरू?"

"पाचचं," मी म्हणालो. नजर जमिनीवर ठेवूनच सांगितलं: छज्ज्याच्या पुढच्या कडेपासून खाली खिडकीभर, कपाटातल्या फळ्यांसारख्या सपाट बसवलेल्या आडव्या लाकडी पट्ट्या, प्रत्येक सहा इंच रुंद, दोन पट्ट्यांत तीन इंचांचं अंतर. मोठी सावली एकाच छज्ज्याने पाडण्याऐवजी लहान लहान सोळा छज्जे. पाचनंतर जे आत येईल त्याला पडदा. आबा सुताराला घेऊन आला आणि चारही खिडक्या चार दिवसांत झाल्या. स्वतःच्या चार दिवसांची मजुरी त्याने घेतली नाही. घेणार कशी, चूक त्याची होती ना.

गेल्या वर्षी बाईंनी वरचा मजला काढला. नकाशा माझाच. पश्चिमेच्या खिडक्यांना या वेळी मी पहिल्यापासून पट्ट्या दाखवल्या, पाचच्या उन्हाच्या. काम दुसऱ्या गवंड्याला दिलं होतं. आबाला का नाही, याची चौकशी केली नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

काम संपल्यावर दुपारी साडेचारला बाईंनी मला वर नेलं. खोलीत उजेड होता, ऊन नव्हतं, खाटा खिडकीला लागून होत्या. मग खाली येऊन आम्ही चहा प्यायलो. काचेखाली माझा त्रिकोण अजून होता, कडेने पिवळा पडलेला: एकोणसत्तर अंश, दीड फूट. बाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुमचा हिशोब तेव्हाही बरोबरच होता. गवंडी मात्र आता चांगला मिळाला."

मी बशीत चहा ओतला आणि "हो," म्हणालो.