वाढत्या अंगाची बॅट

ठाण्याच्या खाडीकाठच्या चेंदणीचा भिवा कोळी होड्या बांधायचा. गेली चाळीस वर्षं मी कोर्टात वकिली करतो आहे, पण माणसाला एका नजरेत जोखणारा त्याच्यासारखा पारखी मला कुणी भेटला नाही. कुणी वल्हं मागायला आलं, की भिवा आधी विचारायचा, "चालवनार कोन?" जो चालवणार त्याला समोर उभं केल्याशिवाय तो फळीला हात लावत नसे. गिऱ्हाईक चिडायचं, परत जायचं, आणि पोराला घेऊन परत यायचं.

हे मला कळलं ते सन अठराशे एकोणनव्वदच्या थंडीत. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, नौपाड्यात राहत होतो आणि ठाण्याच्या शाळेच्या संघात कसाबसा टिकून होतो. माझे वडील त्र्यंबकराव कलेक्टर कचेरीत कारकून. माणूस सज्जन, पण काटकसर अशी की बोलायची सोय नाही. आमच्या घरात कोणतीही वस्तू मुलाच्या मापाची आलेली मला आठवत नाही. सदरा गुडघ्यापर्यंत, वहाणेत बोळे, आणि वर एकच मंत्र: "वाढतं अंग आहे!" दोन वर्षांनी अंग वाढून सदऱ्यात बसायचं, तोवर सदरा विरलेला असायचा.

बॅटही तशीच आली. एक इंजिनिअर साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानाच्या लिलावात वडिलांनी ती घेतली. अस्सल विलायती विलो, वेताची मूठ, थोराड माणसाची, अडीच रत्तल वजनाची. "मॅट्रिक होईपर्यंत बघायला नको," ते म्हणाले. मला तर आभाळ ठेंगणं झालं. वर्गातल्या कुणाकडेच स्वतःची बॅट नव्हती.

आणि त्याच दिवसापासून माझा खेळ बिघडला. आधी शाळेच्या जुन्या तुटक्या बॅटीने मी बरा खेळत होतो. आता चेंडू यष्टीवर जाऊन आदळायचा तेव्हा माझी बॅट निम्म्या वाटेत असायची. उचलायला खालच्या हाताने ओढावी लागे, म्हणून ती सरळ न येता आडवी यायची. मूठ पोटात ढोसायची ते वेगळंच. चार सामन्यांत मिळून माझ्या पाच धावा झाल्या. मास्तरांनी बजावलं, "कल्याणविरुद्धचा सामना ही तुझी शेवटची संधी. तिथेही हेच झालं तर तुझ्या जागी दुसरा." घरी वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "एवढी उंची बॅट आणून दिली, पण कार्टं आळशी. अंग मोडून खेळायला नको." मी खरंच आळशी आहे असं मलाही वाटू लागलं होतं. रोज पहाटे उठून मी जोर काढत होतो, तरी वाटत होतं.

सामन्याला आठ दिवस होते. मुठीचा दोरा सुटला म्हणून मी चेंदणीला गेलो, कारण मेण लावलेला पक्का दोरा भिवाकडेच मिळे. जिमखान्याचे साहेबसुद्धा बॅटी त्याच्याकडूनच बांधून घेत. पन्नाशीचा माणूस, अंगाने वाळका, अर्धवट होडीच्या पोटात बसून रंधा मारत होता. त्याने बॅट घेतली, फिरवून पाहिली आणि विचारलं, "कोन खेलतो हिच्यानं?"

"मी."

"उबा ऱ्हा."

त्याने बॅट माझ्या पायाशी उभी टेकवली. मुठीचा शेंडा माझ्या कमरेच्या हाडाच्या चांगला चार बोटं वर आला. मग म्हणाला, "आता डाव्या हातानं एकट्यानं धर. खांद्याएवरी, हात लांब कर." मी धरली. तीन आकडे मोजून होईतो टोक थरथरायला लागलं, पाचाला खाली आलं. जिमखान्याच्या एका साहेबाच्या पोराची बॅट कोपऱ्यात पडली होती, ती त्याने माझ्या हातात दिली. ती मी दहापर्यंत धरली, मागे उचलली, खाली आणली, आणि ती जिथे न्यावी तिथे गेली. 

"तुज्यात खोट नाय रं पोरा. बॅटीत पन नाय. दोगांची गाठ चुकली."

"मग शनिवारच्या सामन्याआधी कापून द्या," मी म्हणालो.

"कापीन. पन लाकूड तुज्या बापाचा हाय. त्यांना घेऊन ये."

वडिलांना तिथे नेणं म्हणजे वाघाला गवत खायला नेणं. तीन दिवस माझी छाती झाली नाही. चौथ्या दिवशी सांगितलं, तेव्हा ते तडक उठून निघाले, पण भिवाला झापायला. "विलायती बॅट कापायची? उद्या तो वाढेल तेव्हा काय करायचं?"

 भिवाने अंगातली बंडी काढली. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला होता, आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "बारा वरसांचा व्हतो. आज्याचा वल्हा घरात पडला व्हता, बाप बोलला, वाढशील त्याच्यात. मी वाढलो, पन खांदा नाय वाढला. खाडीवर जायाचा सुटला, म्हनून रंधा धरला. वाढंल तवा दुसरी घ्या, शेट. शनिवारी तर हाच पोर खेलनार ना?"

वडिलांनी त्या खांद्याकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं की जणू मी किती मोठा आहे हे ते प्रथमच बघत आहेत. "काप," ते म्हणाले.

भिवाने मूठ वरून एक इंच उतरवली, खालून दीड इंच पात्याचं टोक कापलं, मग पाठीवरून हलक्या हाताने रंधा मारला. चेंडू लागतो तिथलं जाड पोट मात्र त्याने सोडलं. दर थोड्या वेळाने मला उभं करून एका हाताने उचलायला लावी. वजनाचा काटा त्याने एकदाच, शेवटी लावला: दोन रत्तलांच्या थोडी वर. कमरेच्या हाडाहून एक बोट उंच ठेवली. "येत्या पावसाल्यापरत पुरंल," म्हणाला. "काट्यावर जाऊ नको. दोन बॅटी सारख्या वजनाच्या असत्यात, पन जिचा भार खाली ती हातात जड लागते." कापलेल्या टोकाला अळशीचं तेल चोपडलं आणि नवा दोरा गुंडाळून दिला.

शनिवारी कल्याणच्या मैदानावर मी सव्वीस धावा केल्या. फार नाहीत. पण पहिलाच चेंडू बॅटच्या पोटावर बसला आणि मुठीतून खांद्यापर्यंत काही म्हणता काही दुखलं नाही. मास्तर एवढंच बोलले, "पुढच्या शनिवारी वेळेवर ये."

वडील सामन्याला आले होते. ठाण्याला उतरल्यावर मी घराकडे वळलो, तर ते म्हणाले, "इकडून." भर उन्हात आम्ही चेंदणीला गेलो. भिवा भाकरी खात होता. वडील त्याच्यासमोर उभे राहिले, पगडी काढून घाम पुसला.

"सव्वीस केल्या त्याने," ते म्हणाले. "भिवा, मुलगा आळशी आहे असं मी गावभर सांगत होतो. चूक माझी होती."

भिवाने घास गिळला.

"मना कशाला सांगताव, शेट? तो बाजूलाच हाय."

वडील माझ्याकडे वळले. त्यांना ते पुन्हा म्हणायला बराच वेळ लागला, पण ते त्यांनी म्हटलं.