अर्धी गोळी

माझी थोरली बहीण, आक्का, दवाखान्यात नर्स. घरात तिला सगळे ‘तराजू’ म्हणत, कारण चहातली साखरसुद्धा ती चमचा सपाट करून घालायची. मलेरियाची मुलं आली की आयांना तिचा एकच पाढा: क्लोरोक्विन कडू असतं, बाळानं लगेच ओकून टाकलं तर डोस पुन्हा द्या. नियम बरोबरच होता.

आक्काच्याच नातीला मलेरिया झाला. पोर आठ किलोची, म्हणजे अर्धी गोळी. आक्कानं ती चुरून साखरपाण्यात कालवून पाजली. थोडं औषध ओठांवरून झबल्यावर ओघळलं, तेवढ्याचं काही नव्हतं. उरलेलं पाकीट फडताळात ठेवून ती कामावर गेली.

थोड्या वेळानं पोरीनं गुळणी टाकली. आक्काच्या नवऱ्यानं, भावजींनी, जन्मभर तोच पाढा ऐकलेला. त्यांनी अर्धी गोळी दिली आणि पोरीला निजवून ते आंघोळीला गेले. तेवढ्यात पोरीची आई, आक्काची सून, कामावरून आली. तिनं झबलं हुंगलं, औषधाचा कडू वास आला; पोरीनं डोस ओकला असं तिला वाटलं. तिनंही अर्धी दिली. तिघांनीही मायेनं आणि नियमानंच दिली. उलटीत गेलं ते थोडंच. बाकीचं पोटातून रक्तात केव्हाच उतरलं होतं.

भावजी बाहेर आले आणि म्हणाले, गोळी मी दिलीय. सुनेचा चेहरा उतरला.

दवाखाना चार गल्ल्या पलीकडे. सून पोरीला घेऊन पळत आली तेव्हा पोर मलूल पडली होती. आक्कानं मनातल्या मनात हिशेब केला: दर किलोला दहा मिलिग्रॅम हे औषध, वीस झालं की धोका, तीसच्या आसपास जीव जातो; पोरीला तीन अर्ध्या गेल्या होत्या, म्हणजे तीस. इतर औषधांत चुकायला जागा असते, यात बोटभर नाही. हे हृदयाची चाल मंदावतं, रक्तदाब पाडतं, आणि यावर हुकमी उतारा नाही. डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरून रबरी फुग्यानं श्वास दिला, सलाईन लावलं, झटके थांबवायची सुई दिली, मोठ्या रुग्णालयाची गाडी बोलावली. गाडी यायच्या आत ठोके थांबले. आक्का नाडीवरचं बोट काढायला विसरली.

मला तेव्हा रडू आलं नाही. राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी भांडी घासत बसले.

काही दिवसांनी सुनेनं विचारलं, “माझ्या हातूनच गेली ना?”

आक्का खोटं बोलेल असं मला वाटलं. बोलावं अशी माझी इच्छाही होती.

“पहिली अर्धी माझी होती,” ती म्हणाली. “आधीच्या दोन नसत्या, तर तुझी औषधच ठरली असती.”

सुनेनं डोकं आक्काच्या मांडीवर ठेवलं.

आता आक्का दवाखान्यातून गोळी घरी न्यायला देत नाही. बाळ आईच्या मांडीवर बसवून स्वतः पाजते आणि अर्धा तास समोर बसवून ठेवते. आया कुरकुरतात, कामं खोळंबली म्हणतात. ती उठू देत नाही. बाळानं ओकलंच तर द्यायची ती उरलेली अर्धी तिच्या मुठीत असते.